वास्तववादावर वाद घालताय? या चुका टाळा

इलेक्ट्रॉन खरोखरच आहेत, की आकडेमोड जुळावी म्हणून केलेली ती सोय आहे? फोंड्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. बहुतेक भांडण होतं ते सिद्धांताचं यश कशाला म्हणायचं हे आधी न ठरवल्यामुळे.

जुळलेला प्रत्येक आकडा पुरावा म्हणून पुढे करू नका

इलेक्ट्रॉनसारख्या न दिसणाऱ्या गोष्टी खरोखरच आहेत असं मानतात ते वास्तववादी. त्यांचं मुख्य हत्यार तत्त्वज्ञ हिलरी पुटनम यांनी 1975 मध्ये मांडलं: सिद्धांत निदान ढोबळमानाने तरी खरे नसतील, तर विज्ञानाचं यश हा चमत्कारच ठरेल. हे ऐकून कुणीतरी लगेच मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढतो. ट्रॉलरवाले त्यावर विसंबून बोट बाहेर काढतात, मग सिद्धांत खरा नाही का?

उदाहरण चुकीचं निवडलंय. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचं साधारण 12 तास 25 मिनिटांचं आवर्तन खगोलशास्त्रातून मिळतं, हे खरं. पण मुरगावला पाणी किती चढेल आणि किती उशिराने चढेल, हे त्याच बंदरातल्या जुन्या नोंदींवरून बसवलेलं असतं. आपणच आत घातलेलं बाहेर आलं, तर त्यात चमत्कार कसला?

याउलट 1818 ची गोष्ट घ्या. फ्रेनेलने प्रकाश ही लहर आहे असं धरून पॅरिसच्या अकादमीच्या स्पर्धेत निबंध दिला. परीक्षकांतले प्वासाँ कणवादी. त्यांनी फ्रेनेलचंच गणित पुढे नेऊन दाखवलं की, तसं असेल तर गोल तबकडीच्या सावलीच्या बरोबर मधोमध प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा. त्यांच्या मते हा शुद्ध वेडगळपणा. आरागोने प्रयोग केला, आणि ठिपका दिसला. आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत काळोख करून, काचेवर बेअरिंगची गोळी चिकटवून, भिंगाने पसरवलेला लेझरचा झोत तिच्यावर टाकला की दोन-तीन मीटरवरच्या पडद्यावर तो दिसतो. हा ठिपका फ्रेनेलने निबंधात घातलेलाच नव्हता. चमत्काराचा युक्तिवाद अशाच यशावर उभा राहतो. म्हणून उदाहरण देण्याआधी एवढं विचारा: सिद्धांत रचताना हा निकाल हाताशी होता का?

‘शास्त्रज्ञ चुकतातच’ म्हणजे निराशावादी विगमन नव्हे

लॅरी लाउडन यांनी 1981 मध्ये दिलेलं उत्तर याहून बोचरं आहे. एके काळी यशस्वी असलेले कितीतरी सिद्धांत पुढे खोटे ठरले, मग आजच्या यशावरून सत्य कसं काढता? हेच निराशावादी विगमन. त्यांच्या यादीत शरीरातल्या चार द्रवांचा जुना वैद्यकीय सिद्धांतही आहे. त्याने असं कुठलं अनपेक्षित भाकीत खरं करून दाखवलं? वरची अट लावली की अशी नावं गळतात. वास्तववादी इथेच खूश होतो आणि फसतो, कारण त्याच यादीतला ईथर, म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेतं असं मानलेलं माध्यम, गळत नाही.

1823 मध्ये फ्रेनेलने काचेवरून किती प्रकाश परावर्तित होतो याची समीकरणं काढली. ती काढताना ईथरची लवचीकता सगळीकडे सारखी आणि घनता मात्र काचेत वेगळी, असं त्याने धरलं होतं. साध्या काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के एका पृष्ठभागावरून परततो. समीकरणांतून येणारा हा आकडा आजही बरोबर आहे, ईथर मात्र गेला.

यावर ‘ईथर नावापुरताच होता’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते निकाल लागल्यावरचं शहाणपण झालं. 1823 मध्ये बसून त्यातलं टिकणारं काय आणि टाकाऊ काय, हे तुम्ही वेगळं काढू शकला असता का? ते सांगता येत नसेल, तर आजच्या सिद्धांतातला कुठला भाग टिकेल हेही सांगता येणार नाही. जॉन वॉरल यांनी 1989 मध्ये तोडगा सुचवला: समीकरणं मॅक्सवेलच्या सिद्धांतात जशीच्या तशी उतरली, म्हणजे टिकते ती रचना. तोडगा मला पटण्यासारखा वाटतो, पण तो फुकट मिळत नाही. नेमकं काय कंप पावतंय यावरचा हक्क सोडावा लागतो.

विरोधकाला विज्ञानद्वेष्टा ठरवू नका

बास फान फ्रासन यांचं 1980 चं म्हणणं मवाळ आहे. सिद्धांत वापरा, त्यावर काम करा. पण जे दिसतं त्याबाबत तो खरा उतरतो, एवढंच माना. न दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनबद्दल हो-नाही म्हणायची सक्ती नाही. यशाबद्दल त्यांचं उत्तर असं, की जे सिद्धांत अपयशी ठरले ते केव्हाच गळून पडले. उरलेले यशस्वी असणारच.

या उत्तरावर टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा. आपल्या हाती यशस्वीच सिद्धांत का उरले, एवढंच ते सांगतं. कधीच न पाहिलेला ठिपका नेमका सावलीच्या मधोमध का पडला, हे त्यात कुठेच येत नाही.