एच-१बीवर असताना नोकरी गेली तर: साठ दिवसांची तयारी

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर सर्वप्रथम कंपनीकडून नोकरी समाप्तीची तारीख लेखी मागून घ्यावी. नोकरी गेल्यावरही देशात राहू देणारा जास्तीत जास्त साठ दिवसांचा ग्रेस पिरियड मोजला जातो तो साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नुकसानभरपाई म्हणून पुढे एकरकमी पैसे मिळाले, तरी ही मुदत लांबत नाही, आणि इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. समजा, १० मार्च हा पगाराचा शेवटचा दिवस आहे, तर ११ मार्च हा पहिला आणि ९ मे हा साठावा दिवस ठरतो. मात्र आय-९४ या प्रवेश आणि मुक्कामाच्या नोंदीवरील तारीख २५ एप्रिलची असेल, तर मुदत त्याच दिवशी संपते. म्हणून आय-९४ संकेतस्थळावरून नोकरी गेल्याच्या दिवशीच उतरवून घेऊन ती तारीख स्वतः वाचावी.

कार्यालयाचा ईमेल बंद होण्याआधी अलीकडच्या पगारपावत्या, वर्षभराच्या पगार-कराचे डब्ल्यू-२ विवरण, सर्व आय-७९७ मंजुरीपत्रे आणि अनुभवपत्र स्वतःजवळ घ्यावे. ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर असेल तर त्याची प्रतही घ्यावी.

वरील उदाहरणात नव्या कंपनीची केवळ ऑफर ९ मेपर्यंत हाती येऊन भागत नाही. त्या तारखेपर्यंत तिने कर्मचाऱ्यासाठी भरलेला आय-१२९ अर्ज यूएससीआयएस या स्थलांतर खात्याकडे पोहोचलेला असावा लागतो. त्याआधी श्रम विभागाकडून एलसीए हे कंपनीचे वेतन आणि कामाच्या अटींचे हमीपत्र मंजूर व्हावे लागते, त्यात सात कामकाजाचे दिवस जातात आणि वकिलाला कागद जुळवायलाही वेळ लागतो, त्यामुळे ऑफर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पक्की व्हावी, असे धरून चालावे. मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत ही तारीख स्पष्ट सांगावी. ती लपवल्याने शेवटी आपलेच दिवस वाया जातात. एकदा एच-१बीच्या लॉटरीत निवड होऊन तो मिळालेला असल्यास, त्याच्या एकूण सहा वर्षांतील उरलेल्या काळासाठी सहसा पुन्हा लॉटरी लागत नाही, हेही सांगावे. अर्ज मुदतीत दाखल झाला, तर मंजुरीची वाट न पाहता नव्या नोकरीवर रुजू होता येते.

एप्रिलअखेर ऑफर नसेल, तर आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा अर्ज भरून बी-२ हा पर्यटकाचा दर्जा मागण्याचा मार्ग उरतो, पण तोही ९ मेच्या आतच दाखल करावा लागतो. तो प्रलंबित असताना देशात राहता येते, काम मात्र करता येत नाही. पुढे एच-१बीसाठी अर्ज करणारी नवी कंपनी मिळाली, तरी साठ दिवस उलटून गेले असल्याने एच-१बी मंजूर होईपर्यंत रुजू होता येत नाही. अशा वेळी नव्या कंपनीला जादा शुल्क भरून लवकर निर्णय मिळवण्याच्या प्रीमियम प्रोसेसिंगची विनंती करावी. जोडीदार आणि मुले एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असतील, तर त्यांचीही मुदत याच घड्याळावर चालते, त्यामुळे त्यांची नावेही आय-५३९ मध्ये घालावीत.

या काळात देशाबाहेर जाऊ नये, कारण बाहेर पडताच उरलेला ग्रेस पिरियड संपतो. मायदेशी परतायचेच ठरले, तर मंजूर मुदतीआधी काढून टाकणाऱ्या कंपनीवर कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देण्याचे बंधन आहे. तो खर्च लेखी मागावा.