व्हॅनचे अर्धे पैसे असे परत मिळाले

जूनमध्ये व्हॅनकाकांना दहा महिन्यांचे २२ हजार एकदम दिले आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर व्हॅन आलीच नाही, फोन केला की "बघतो ताई, गाडी गॅरेजला आहे". व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं, नुसती ब्लू टिक. शेवटी पत्र लिहिलं, शिव्या न घालता (मनात घातल्या): यूपीआयने कधी किती दिले, व्हॅन कुठल्या तारखेपासून बंद, महिना २२०० प्रमाणे जून ते ऑक्टोबर ११ हजार तुमचे, उरलेले ११ हजार १५ दिवसांत द्या नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, एवढ्या रकमेला तिथे फी पण लागत नाही. पेमेंटचा स्क्रीनशॉट जोडून स्पीड पोस्टने पाठवलं, पावती जपून ठेवली. चौथ्या दिवशी स्वतःहून फोन, दोन हप्त्यांत पैसे आले. मधल्या काळात रिक्षाला घातलेले पैसे मात्र पत्रात मागायचेच राहिले, ते गेले.