ओटीपी येत नसेल तर: सोलापुरात नव्याने आलेल्या आपल्या गाववाल्यांसाठी

भालकी, बसवकल्याण, आळंद, उमरगा या बाजूने सोलापूरला कामाला किंवा शिकायला येणाऱ्या पोरापोरींचे मला सगळ्यात जास्त फोन येतात ते खोलीसाठी. त्याच्या खालोखाल येतात ते ओटीपीसाठी. नोकरीच्या पोर्टलवर खातं काढायचंय, गॅसचं बुकिंग करायचंय, डिजिलॉकर उघडायचंय, आणि नंबर टाकल्यावर कोड काही येत नाही. मग कुणीतरी सांगतं, "अरे, माझा नंबर टाक, मी सांगतो कोड." पोरगं टाकतंही. मी स्वतः बरीच वर्षं एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतोय. मुकादमाच्या नंबरवर उघडलेली खाती पुढे किती त्रास देतात हे मी जवळून पाहिलंय. काम सुटतं, मुकादम फोन उचलत नाही आणि पासवर्ड बदलायचा कोड त्याच्याकडेच जात राहतो. म्हणून काहीही झालं तरी नवीन खात्यात दुसऱ्याचा नंबर टाकू नका. एखादा दिवस थांबावं लागलं तरी चालेल, पण खातं आपल्याच नंबरवर काढा.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. स्क्रीनवर "ओटीपी पाठवला आहे" असं दिसतं, तेव्हा त्या साइटने मेसेज पुढच्या कंपनीकडे सोपवलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. तो तुमच्या फोनवर पोचला की नाही, हे त्या पानाला बहुतेक वेळा कळलेलंच नसतं. त्यामुळे त्या ओळीवर विसंबून पुन्हा पुन्हा "Resend" दाबू नका. प्रत्येक वेळी नवा कोड तयार होतो आणि बहुतेक ठिकाणी आधीचा बाद होतो. मग उशिराने तीन मेसेज एकदम येतात, आपण वरचा कुठला तरी टाकतो आणि "चुकीचा कोड" येतं. चार-पाचदा दाबलं की बऱ्याच साइट काही तासांसाठी किंवा अख्ख्या दिवसासाठी तो नंबर अडवतात. दोनदा दाबून आलं नाही, तर हात थांबवा आणि दोष कुठे आहे ते आधी शोधा.

शोधायचं कसं? शेजारी बसलेल्या मित्राला सांगा, तुझ्या फोनवरून मला साधा एसएमएस कर. व्हॉट्सॲप नको, साधा एसएमएस. तो आला नाही, तर साइटला शिव्या देण्यात अर्थ नाही, अडचण तुमच्या सिममध्ये किंवा रेंजमध्ये आहे. तो आला, तर पुढचा प्रश्न असा की बँकेचा, रिचार्जचा, सिलिंडरचा, म्हणजे अक्षरी नावाने येणारा एखादा मेसेज आज आलाय का? मित्राचा येतो पण अक्षरी नावाचे कुठलेच येत नाहीत, तर ते वाटेत किंवा फोनच्या एखाद्या कप्प्यात अडकतायत. आणि बाकी सगळे येतात, फक्त या एकाच साइटचा येत नाही, तर अडचण साइटकडे आहे किंवा तुम्ही टाकलेल्या नंबरात आहे. एवढ्या दोन तपासण्यांत निम्मं काम होतं.

पहिल्या प्रकारात, म्हणजे मित्राचा साधा एसएमएसही येत नाही तेव्हा, सिम बदलल्याचं कारण सर्रास सापडतं. बसवकल्याणची एक मुलगी इथे नर्सिंगच्या नोकरीसाठी आली होती. एसटी स्टँडवर तिचा फोन गेला. दुपारी नवी पेठेत जाऊन तिने डुप्लिकेट सिम काढलं, संध्याकाळी सहाच्या सुमारास ते सुरू झालं. रात्री जुळे सोलापुरातल्या खोलीवर बसून ती एका पोर्टलवर अर्ज भरायला लागली. फोन लागत होता, नेट चालत होतं, कोड मात्र नाही. तिने एवढ्यांदा दाबलं की साइटने नंबर अडवला. मी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला एसएमएस करायला सांगितलं. तोही आला नाही, आणि तिथेच उत्तर मिळालं. दूरसंचार विभागाच्या नियमानुसार सिम बदललं की सुरू झाल्यापासून 24 तास एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद ठेवतात. कुणी चोरून तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढलं, तर त्याला लगेच बँकेचे ओटीपी मिळू नयेत, यासाठी ही अट आहे. साध्या सिमचं ई-सिम करून घेतलं तरी हेच होतं, आणि दुकानदार ते सांगतोच असं नाही.

या 24 तासांत कॉल मात्र चालू असतात. म्हणून जिथे कोड फोनवर ऐकवायची सोय आहे, तिथे ती वापरा. त्या मुलीचं व्हॉट्सॲप त्याच रात्री "Call me" वरून सुरू झालं. पोर्टलवर ती सोय नव्हती, ईमेलवर कोड घ्यायचीही नव्हती, आणि अर्जाची मुदत अजून शिल्लक होती, म्हणून तिला थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर मैत्रिणीचा साधा एसएमएस आला. मग साइटचं अडवणं संपेपर्यंत रात्र जाऊ दिली आणि सकाळी एकदाच दाबलं. कोड लगेच आला. मुदत त्याच दिवशी संपत असती, तर काय केलं असतं? साइटच्या हेल्पलाइनला फोन करून त्यांच्याकडे तक्रार नोंदवून ठेवली असती. मैत्रिणीचा नंबर तेव्हाही टाकू दिला नसता.

सिम बदललेलं नाही आणि तरी मित्राचा एसएमएस येत नाही, तर रेंज बघा. खालच्या मजल्यावरच्या खोलीत वायफाय जोरात चालतं, त्यामुळे आपल्याला वाटतं फोन ठीक आहे. पण साधा एसएमएस मोबाईलच्या नेटवर्कवरून येतो. टॉवरची एकच काडी असेल किंवा तीही नसेल, तर गच्चीवर किंवा रस्त्यावर या, फ्लाइट मोड एकदा चालू-बंद करा, मिनिटभर थांबा. रिचार्जची मुदत संपलेली असेल, तर काही दिवसांनी येणारे मेसेजही बंद होतात. गावाकडचा नंबर "फक्त येणाऱ्यासाठी" म्हणून बिनरिचार्जचा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अक्षरी नावाचे मेसेज येत नाहीत तेव्हा, आधी फोनमध्येच बघा. अँड्रॉइडच्या मेसेजेस ॲपमध्ये वर आपल्या फोटोवर टिचकी मारली की "Spam & blocked" दिसतं. आयफोनवर "Unknown Senders" ची यादी उघडा. बऱ्याच वेळा कोड तिथे निवांत पडलेला असतो. कधी काळी जाहिरातींना कंटाळून आपण एखादं नाव ब्लॉक केलेलं असतं, तेही तपासा.

मग पोर्टिंग. खोलीवर रेंज नाही म्हणून आल्या आल्या कंपनी बदलणारे आपल्याकडे पुष्कळ. कर्नाटकचा नंबर असेल, तर 1900 वर PORT आणि नंबर पाठवून कोड घ्यायचा. एका राज्याच्या सर्कलमधून दुसऱ्यात पोर्ट व्हायला कामकाजाचे 5 दिवस धरा, सर्कलच्या आत 3. पोर्ट झाल्यावर सुरुवातीला काही मेसेज जुन्या कंपनीच्या वाटेने जाऊन हरवतात, कारण पाठवणाऱ्याकडची नोंद ताजी झालेली नसते. माझं सांगणं एवढंच की अर्ज, खाती आधी उरकून घ्या आणि पोर्ट नंतर करा. डुप्लिकेट सिम काढलं असेल, तर 7 दिवस पोर्टचा कोडच मिळत नाही, तेही धरून चला.

मोबाईलच्या दुकानात कुणी म्हणेल, "डीएनडी चालू आहे, शंभर द्या, काढून देतो." देऊ नका. डीएनडी जाहिरातीच्या मेसेजसाठी असतं, ओटीपी त्याने अडत नाही.

तिसरा प्रकार, फक्त एकाच साइटचा कोड येत नाही. इथे आपल्या लोकांची एक ठरलेली गडबड होते. डिजिलॉकरसारख्या ठिकाणी आधार नंबर टाकला की कोड आपण आत्ता वापरतोय त्या नंबरवर येत नाही, आधारला जो जोडलेला आहे त्यावर जातो. तो बहुतेकांचा वडिलांचा असतो, आणि वडील भालकीला शेतात असतात. स्क्रीनवर नंबरचे शेवटचे आकडे दिसत असतील तर ते वाचा, लगेच ओळख पटेल. वडिलांना फोन करून कोड विचारला तर त्या वेळेचं काम भागतं, पण आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, थोडी फी पडते.

नंबर नवा घेतला असेल, तर तो आधी दुसऱ्या कुणाचा असू शकतो. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर पुन्हा दिला जातो. जुन्या मालकाने त्या साइटवर खातं काढलेलं असेल, तर "नवीन खातं" मधून कोड येतच नाही, अशा साइट आहेत. "Forgot password" वर नंबर टाकून बघा. कुणा अनोळखी माणसाचं नाव दिसलं, तर आत शिरू नका, साइटला कळवा.

कधी चूक पूर्णपणे त्यांची असते. आपल्या देशात कंपनीला पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर दोन्ही आधी नोंदवावं लागतं. पाठवलेला मजकूर नोंदवलेल्याशी जुळला नाही, तर मोबाईल कंपनी तो वाटेतच टाकून देते. साइटने मजकुरात बदल केला आणि नोंद केली नाही, की सगळ्यांचेच कोड बंद पडतात. खोलीतल्या दुसऱ्यालाही त्याच्या स्वतःच्या खात्यासाठी त्या साइटचा कोड येत नसेल, तर हेच समजा. इथे आपण सिम काढून घालून उपयोग नाही. ईमेलने खातं काढायची सोय असेल तर ती घ्या. पण जीमेलचे 15 जीबी फोटोंनी भरलेले असतील, तर मेलही येणार नाही, आधी जागा करा. मग जीमेलच्या शोधात हे टाका, म्हणजे स्पॅममधलंही दिसेल:

```
in:anywhere verification
```

एवढं करून दुसऱ्या दिवशीही कोड नाही, तर सोडून देण्याआधी त्या साइटच्या मदत विभागाला एक मेल करा. "ओटीपी येत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं, "पुन्हा प्रयत्न करा". त्याऐवजी असं लिहा: माझा नंबर हा, कंपनी ही, सर्कल कर्नाटक किंवा महाराष्ट्र, पोर्ट केलाय किंवा नाही, आज सकाळी 10 वाजून 12 मिनिटांनी कोड मागवला, आला नाही, त्याच वेळी बँकेचा मेसेज मात्र आला. वेळ मिनिटासकट द्या, स्क्रीनशॉट जोडा. त्या मिनिटाची नोंद त्यांच्याकडे असते, तिच्यावरून मेसेज कुठे अडला ते त्यांना शोधता येतं. हेल्पलाइनचा नंबर त्या साइटवरूनच घ्या, गुगलवर शोधून मिळालेला नको. आणि "तुमचा ओटीपी येत नाही ना, हे ॲप टाका" किंवा "स्टार चारशे एकने सुरू होणारा हा नंबर डायल करा" असा कुणाचा फोन आला, तर तिथेच कट करा. त्या नंबरने तुमचे कॉल, आणि कॉलवर येणारे कोडही, त्याच्याकडे वळू शकतात. चुकून डायल केलंच असेल, तर मोबाईल कंपनीला सांगून कॉल फॉरवर्डिंग बंद करून घ्या, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच तक्रार नोंदवा.