ग्रुप जुळला, क्रॉसमॅच जुळला, तरी आठव्या दिवशी कावीळ: या चुका टाळा

मिरज-सांगलीकडे उपचाराला येणारे पेशंट जतपासून सीमेपलीकडच्या गावांपर्यंत कुठूनही आलेले असतात. त्यांच्या जुन्या फायली मात्र घरच्या ट्रंकेतच राहतात. रक्तपेढीत काम करताना मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या मागे राहिलेल्या कागदांची.

कवठेमहांकाळकडच्या एका ३६ वर्षांच्या बाईंची गोष्ट सांगतो. गर्भाशयाच्या गाठींमुळे रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन ६.४ वर आलं होतं. ग्रुप बी पॉझिटिव्ह. परक्या रक्तपेशींवर हल्ला करणारी अँटिबॉडी रक्तात आहे का, हे पाहणारं अँटिबॉडी स्क्रीनिंग आम्ही केलं, निगेटिव्ह आलं. पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का हे बघणारा कूम्ब्स पद्धतीचा क्रॉसमॅचही जुळला. दोन पिशव्या चढल्या, हिमोग्लोबिन ८.३ झालं, ऑपरेशन नीट पार पडलं आणि बाई घरी गेल्या. आठव्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा अंगात ताप होता, डोळे पिवळे होते, लघवी चहासारखी गडद होती आणि हिमोग्लोबिन ६.१ होतं.

पहिली चूक: उशिरा आलेल्या काविळीचा रक्ताशी संबंध न जोडणं

आधी मलेरिया, मग कावीळ, मग ऑपरेशनच्या जागी इन्फेक्शन, असा शोध चालू झाला. हे स्वाभाविक आहे, कारण रक्ताची रिअ‍ॅक्शन म्हणजे पिशवी चालू असताना येणारी थंडी, असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण रक्त चढवल्यानंतर साधारण ३ ते १४ दिवसांत हिमोग्लोबिन पुन्हा मूळ जागी आलं, टाक्यातून किंवा पोटात रक्तस्राव नाही आणि बिलिरुबिनमध्ये इनडायरेक्टचा भाग वाढलेला आहे, तर आणखी एक पिशवी मागवण्याआधी रक्तपेढीला फोन करा आणि नवा नमुना पाठवा.

या बाईंच्या नव्या नमुन्यात डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह आली, म्हणजे लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटलेली होती. स्क्रीनिंगच्या जेल कार्डात जिथे पेशी तळाला बटणासारख्या बसायला हव्या होत्या, तिथे लाल पट्टी वरच अडकून राहिली होती. मग ११ पेशींचं पॅनेल लावलं. ज्या पेशींवर ‘जेके-ए’ हा अँटिजेन, म्हणजे पेशीवरची एक ओळखखूण, होता त्या सगळ्या चिकटल्या, नव्हता त्या सुटल्या. ज्यांच्यावर त्याचा दुहेरी डोस होता त्यांची पट्टी सगळ्यात ठळक होती. ही किड नावाच्या रक्तगट प्रणालीतली अँटिबॉडी होती.

एबीओ आणि आरएच धरून आज ४५ हून अधिक रक्तगट प्रणाली मान्य आहेत. केल, किड, डफी, एमएनएस ही त्यांतली रोज त्रास देणारी नावं. ‘दुर्मिळ रक्त’ म्हटलं की आपल्याकडे लगेच बॉम्बे ग्रुप आठवतो, पण तो प्रकार वेगळा. इथे बाईंचा ग्रुप अगदी साधाच होता. फक्त त्यांच्या पेशींवर जेके-ए नव्हता, आणि आपल्याकडे दर पाच माणसांतल्या साधारण चौघांच्या पेशींवर तो असतो.

मग पहिल्या वेळी तो का सापडला नाही? आमचीच चूक झाली की काय, या धास्तीने मी जुना नमुना काढला. चढवलेल्या रक्ताचे नमुने सहसा सात दिवस ठेवतात. आम्ही दहा ठेवतो, म्हणून तो हाती लागला. पुन्हा तपासला, पुन्हा निगेटिव्ह. किडच्या अँटिबॉडीची खोडच ही आहे. एकदा तयार झाली की काही महिन्यांत रक्तातलं तिचं प्रमाण इतकं घसरतं की कुठलंही कार्ड ती दाखवत नाही. शरीराची आठवण मात्र जात नाही. जेके-ए असलेलं रक्त परत आत गेलं की काही दिवसांत ती जोराने उसळते आणि चढवलेल्या पेशी फोडते.

दुसरी चूक: फक्त ग्रुप सांगणं

मी बाईंच्या मालकांना विचारलं, “आधी कधी रक्त दिलं होतं का? कुणी काही कार्ड दिलेलं?” ते म्हणाले, “बाळंतपणात दिलं होतं की, साहेब. पण ग्रुप बी पॉझिटिव्हच आहे, मग कागद कशाला आणायचा?” दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊन आले. चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर स्वच्छ छापलेलं होतं: अँटी-जेके-ए. तो कागद भरतीच्या दिवशी समोर असता, तर स्क्रीनिंग निगेटिव्ह असूनही आम्ही जेके-ए नसलेल्याच पिशव्या दिल्या असत्या. एकदा सापडलेली अँटिबॉडी आयुष्यभर पाळायची असते, आजचा रिपोर्ट काहीही म्हणो.

म्हणून असा रिपोर्ट मिळाला तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि भरती होताना ग्रुपच्या आधी तो दाखवा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं असेल किंवा गर्भारपण असेल, तर क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना वापरू नये. तेवढ्या काळातही नवी अँटिबॉडी डोकं वर काढू शकते. घाईत केलेला नुसता सलाइन क्रॉसमॅच या अँटिबॉडी पकडतच नाही. त्या ३७ अंशांवर, कूम्ब्सच्या टप्प्यातच दिसतात.

या बाईंना पुढे दोन पिशव्या लागल्या. त्यासाठी आम्ही बी आणि ओ ग्रुपच्या १३ पिशव्या तपासल्या. तोवर डॉक्टरांनी सलाइन चालू ठेवून लघवी आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवलं, कारण अशा वेळी किडनीला धोका असतो.

तिसरी चूक: ‘आई पॉझिटिव्ह आहे, आयसीटी नको’

आयसीटी म्हणजे आईच्या रक्तात अँटिबॉडी शोधणारी इनडायरेक्ट कूम्ब्स, ही फक्त आरएच निगेटिव्ह आईची तपासणी समजली जाते. पण केलची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आईतही होते, आणि अँटी-डीचं इंजेक्शन तिला रोखत नाही. किडमुळे बाळाला होणारा त्रास सहसा सौम्य असतो. केलचं तसं नाही. ती बाळाच्या तयार पेशी तर फोडतेच, शिवाय नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशींनाच दाबते. त्यामुळे बिलिरुबिन फारसं न वाढताही बाळ पांढरं पडतं, आणि टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं माप, कमी आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. अँटी-डीसाठी १६ किंवा ३२ ही धोक्याची रेषा धरतात, केलसाठी ८ पासूनच सावध होतात आणि डॉपलरवर बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग मोजतात.

अँटिबॉडी सापडली की घाबरण्याआधी बाळाच्या वडिलांचा केल तपासा. आपल्याकडे बहुतेक जण केल निगेटिव्ह असतात. वडील निगेटिव्ह निघाले तर बाळाला त्या अँटिबॉडीचा धोका नसतो. ती बहुधा आधी कधीतरी चढवलेल्या रक्तातून आलेली असते. ज्या बाईला पूर्वी रक्त दिलंय, तिची आयसीटी ग्रुप न बघता पहिल्याच भेटीत करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

चौथी चूक: थॅलेसेमियाच्या बाळाचा नमुना पहिल्या पिशवीनंतर पाठवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती टाळायला काहीच खर्च नाही. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, म्हणजे प्रत्येक पिशवीगणिक नव्या अँटिजेनशी गाठ. त्यामुळे बाळाच्या स्वतःच्या पेशींवर आरएचचे सी, ई वगैरे, केल, किड, डफी यांपैकी काय आहे हे आधीच नोंदवावं लागतं. निदान आरएच आणि केल जुळवून रक्त दिलं तरी बऱ्याच अँटिबॉडी टळतात. पण एकदा पिशवी चढली की नळीत दोन माणसांच्या पेशी मिसळतात. काही चिकटतात, काही सुटतात आणि कार्डावर दुहेरी पट्टी दिसते. त्यातून बाळाचं खरं काय ते तीन महिने कळत नाही, आणि या मुलांना तीन महिने रक्ताविना ठेवता येत नाही. मग डीएनएची महागडी तपासणी हाच मार्ग उरतो.

थॅलेसेमियाची शंका आली की पहिली पिशवी लावण्याआधी जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिली रक्त काढा, तिच्यावर ‘रक्त देण्यापूर्वी’ असं लिहा आणि पेशींवरचे हे सगळे अँटिजेन नोंदवणाऱ्या एक्स्टेंडेड फेनोटाइपसाठी पाठवा. रात्रीची वेळ असेल आणि रक्त तातडीने द्यायचं असेल, तरी नळी आधी भरून फ्रीजमध्ये ठेवा. तपासणी सकाळी होईल.