नव्या डीलरच्या स्वागतपत्रात मार्जिन रुपयांत लिहा

आट्याच्या गिरणीच्या स्वागतपत्रात ‘5 टक्के मार्जिन’ एवढंच असलं, तर पहिल्या हिशेबालाच वाद होतो.

1. एका पोत्याचा हिशेब मांडा. समजा, 50 किलोचं पोतं गिरणीतून 1,600 रुपयांना निघतं आणि डीलर ते 1,680 ला विकतो. वरचे 80 म्हणजे 5 टक्के. पण गाडीभाडं आणि हमालीचे 30 त्याच्याच खिशातून गेले, तर हातात 50 राहतात. भाडं कोण देणार, हे त्याच ओळीत लिहा.

2. ‘उत्तम दर्जा’ऐवजी तपासता येईल असं वचन द्या: ‘ओलावा 14 टक्क्यांच्या आत. माल उतरल्यापासून 7 दिवसांत गाठी, जाळी किंवा सोंडे दिसले, तर पोतं बदलून देऊ.’ त्यासाठी पोत्याच्या शिलाईतली बॅच नंबरची चिठ्ठी जपायला सांगा. चिठ्ठी फाडली, की माल कुठल्या दळणाचा ते कळत नाही.

3. मदतीसाठी एकाच माणसाचं नाव आणि फोन द्या.

बदलीच्या वचनाला एक अट हवीच: पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेली असावीत. पावसाळ्यात फरशीवरचं पोतं खालून ओल धरतं आणि दोष गिरणीवर येतो.