पाइपावर ६३ छापलंय, पाणी किती व्यासातून जातं?

नोकरीच्या पहिल्या वर्षात मी एका विहिरीवरचा पंप चुकीचा निवडला. बेरीज बरोबर होती, सूत्र बरोबर होतं, तरी पाणी कमी आलं. पंप हेड काढायला नुकतेच बसला असाल, तर तो हिशोब इथे आकड्यांनिशी मांडतो.

काम साधं होतं. विहिरीतून वरच्या शेततळ्यात सेकंदाला ३ लिटर पाणी टाकायचं. एकूण पाइप ३५० मीटर. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी सर्वात खाली असतं, तिथपासून शेततळ्यात पाणी पडतं त्या तोंडापर्यंतची उंची २२ मीटर. त्यातले ४ मीटर सक्शनचे, १८ डिलिव्हरीचे. ही उंची पावसाळ्यात मोजून मोकळे होऊ नका. मी निदान तेवढं तरी बरोबर केलं होतं.

पाइप एचडीपीई, ६३ मिमी. गावात त्याला 'दोन इंची' म्हणतात. मी त्यातला सर्वात जाड, पीएन १६ निवडला. जाड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे चांगला, एवढाच विचार. मग घर्षणाचं सूत्र:

```
hf = f × (L/D) × v²/(2g)
```

D च्या जागी ६३ मिमी टाकले. वेग ०.९६ मीटर प्रति सेकंद आला. रेनॉल्ड्स आकडा साठ हजारांच्या आसपास, आतून गुळगुळीत पाइप, म्हणून f साधारण ०.०२. घर्षण ५.२ मीटर.

नंतर किरकोळ तोटे. पॉपेट पद्धतीच्या फुटव्हॉल्व्हचा K ८ धरला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा २, सहा एल्बोंचे प्रत्येकी ०.९ प्रमाणे ५.४, पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हचा ०.२ आणि शेवटी पाणी बाहेर पडतं त्याचा १. बेरीज १६.६. तिला v²/2g ने, म्हणजे ०.०४७ ने गुणलं की ०.८ मीटर. एकूण हेड २२ + ५.२ + ०.८ = २८ मीटर. ३ लिटरला २८ मीटर देणारा पंप आणला.

पंप सुरू झाला. शेतकरी काकांनी २०० लिटरचा ड्रम तोंडाखाली धरला, मी घड्याळ धरलं. ६७ सेकंदांत भरायला हवा होता, ८८ लागले. म्हणजे सेकंदाला २.३ लिटर. काका म्हणाले, "साहेब, दुकानदार सांगत होता एक एचपी जास्त घ्या." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन रात्री मी पंपाच्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आमच्या साइटवरच्या जुन्या फिटरनं काही न बोलता उरलेला पाइपाचा तुकडा आणि व्हर्निअर माझ्या हातात दिला. भिंत ५.८ मिमी जाड. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आतला व्यास ५१.४.

सापळा तो हाच, आणि तो नावात आहे. कॉलेजात आपण जीआय पाइपाचे तक्ते वापरतो. तिथे '५० मिमी' हे नाव आतल्या भोकाच्या जवळपास असतं. एचडीपीई आणि पीव्हीसीमध्ये नाव बाहेरच्या व्यासाचं असतं. पीएन वाढला की बाहेरचं माप तेच राहतं, भिंत आतल्या बाजूला जाड होते. म्हणजे 'मजबूत' पाइप घेऊन मी भोक लहान करून घेतलं होतं.

६३ आणि ५१.४ मध्ये फरक पावणेबारा मिलिमीटरच्या आत आहे, तो एवढा का बोचावा? सूत्रात D एकदाच दिसतो, पण v सुद्धा D वरच अवलंबून आहे. ठरलेल्या प्रवाहाला वेग D च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो आणि सूत्रात वेगाचाही वर्ग आहे. म्हणून घर्षण D च्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ६३ ला ५१.४ ने भागा, १.२२६ येतं, त्याचा पाचवा घात २.७७. माझे ५.२ मीटर खरे १४.५ मीटर होते. वेग १.४५ झाला, v²/2g ०.१०७ झालं, म्हणून किरकोळ तोटेही ०.८ वरून १.८ वर गेले. खरं हेड ३८.३ मीटर.

'किरकोळ तोटे म्हणून घर्षणाच्या दहा टक्के धरा' हा सल्ला तुम्हाला मिळेलच. इथे तो योगायोगानं जवळपास बसतो, कारण पाइप लांब आहे. वीस मीटरच्या पंपघरात तेच फुटव्हॉल्व्ह आणि एल्बो घर्षणापेक्षा मोठे ठरतात. मला हा सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही पाइपाची लांबी विचारली नव्हती. K ची बेरीज करायला दहा मिनिटं लागतात, ती घालवा.

आता, दोष पंपाचा की पाइपाचा हे कसं कळतं? डिलिव्हरीवर प्रेशर गेज लावा. कागदी हिशोबानुसार मला तिथे साधारण २.४ किलो दिसायला हवे होते, दिसले २.७. पाणी कमी आणि प्रेशर जास्त म्हणजे पुढे अडथळा आहे. पंप झिजला असता, किंवा सक्शनमध्ये हवा शिरत असती, तर पाणी आणि प्रेशर दोन्ही पडले असते. खात्रीसाठी डिलिव्हरी व्हॉल्व्ह काही क्षण पूर्ण बंद केला. हे फक्त सेंट्रिफ्यूगल पंपावर करायचं आणि लगेच उघडायचं. गेज ३.२ वर गेला, वर सक्शनचे ४ मीटर मिळवले की ३६. कंपनीच्या वक्रावर शून्य प्रवाहाला तेवढंच हेड होतं. पंप निर्दोष होता. शिव्या मनातल्या मनातच परत घेतल्या.

पंप बंद पडला नाही, जळलाही नाही, हे लक्षात घ्या. पाइपाचा विरोध वाढला की पंप आपल्या वक्रावर डावीकडे सरकतो आणि जिथे दोघांचं जमतं तिथे थांबतो. माझ्या पंपाचा वक्र अंदाजे ३६ − ०.८९Q², पाइपलाइनचा २२ + १.८१Q². दोन्ही सारखे धरा, Q २.३ येतो. हे समीकरण मी आधी मांडलं असतं, तर ड्रमची गरजच नव्हती. एवढ्या चुकीनं कुणाची नोकरी जात नाही, माझीही गेली नाही.

एक एचपी वाढवणं हाही उपाय होता. ३ लिटर आणि ३८.३ मीटरला, कार्यक्षमता ५५ टक्के धरून, दोन किलोवॅटच्या वर लागतात, म्हणजे ३ एचपीची मोटर. पण ते वीजबिल काकांनी दर महिन्याला माझ्या चुकीपोटी भरायचं, हे मला पटेना. त्याऐवजी ७५ मिमीचा पीएन ६ घेतला तर भिंत सुमारे ३ मिमी, आतला व्यास ६९, आणि घर्षण ३.३ मीटरवर येतं. चाळीस मीटरच्या आतल्या हेडला पीएन ६ पुरतो; १६ ची गरज तिथे कधीच नव्हती.

सगळा पाइप बदलता आला नाही. १५० मीटर गाडलेला होता आणि वर ऊस उभा होता. उघड्यावरचे २०० मीटर तेवढे बदलले. बदलायच्या आधी हिशोब केला: ६.२ मीटर जुन्याचे, १.९ नव्याचे, किरकोळ दीडच्या आसपास. Q २.७ यायला हवा. पाइप जोडून काकांनी पुन्हा ड्रम धरला. या वेळी घड्याळही त्यांनीच धरलं. ७५ सेकंद.