या चुका टाळा: मराठी मजकूर इंग्रजीमार्गे गुजरातीत नेताना

मराठीतले माहितीपत्रक गुजरातीत हवे असेल, तर अनेक ठिकाणी ते आधी इंग्रजीत करून घेतात आणि त्या इंग्रजी प्रतीवरूनच गुजराती, कन्नड, तमिळ असे सगळे अनुवाद होतात. मराठी आणि गुजराती दोन्ही उत्तम येणारा अनुवादक शोधण्यापेक्षा हे सोपे जाते. अनेक भाषांतर-यंत्रणाही दोन भारतीय भाषांमधला प्रवास आतून इंग्रजीमार्गेच करतात, कारण त्यांना शिकवायला लागणारा जोडमजकूर, म्हणजे दोन भाषांत शेजारी ठेवलेला एकच मजकूर, प्रामुख्याने इंग्रजीशी जोडलेला मिळतो. या वाटेवर होणारे पुष्कळसे नुकसान टाळता येण्यासारखे असते. मराठी आणि गुजराती ज्या बाबी सारख्याच काटेकोरपणे सांगतात, त्यांतल्या अनेक बाबी इंग्रजी सांगतच नाही.

एक बाई आपल्या आत्याला लिहिते: “आत्या, तुम्ही आला नाहीत म्हणून आम्ही जेवून घेतले. मी काल जिन्यावरून पडले, तरी उद्या आपण मामांकडे जाऊ.” हे वाक्य थेट गुजरातीत नेणाऱ्याला आत्यासाठी ‘फोई’, तुम्हीसाठी ‘तमे’, आम्हीसाठी ‘अमे’, आपणसाठी ‘आपणे’, मामांसाठी ‘मामा’ आणि बोलणारी स्त्री असल्याने ‘पडी’ असे सगळे तयार मिळते. इंग्रजीतून जाताना आत्याची ‘आंट’ होते, मामांचे ‘अंकल’ होतात, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही ‘वी’मध्ये मिसळतात, ‘तुम्ही’तला आदर ‘यू’मध्ये दिसत नाही आणि पडणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे क्रियापदावरून कळत नाही. त्या इंग्रजीवरून गुजराती करणाऱ्याला या सहाही जागी अंदाज बांधावा लागतो. त्याने ‘मासी’, ‘तुं’, ‘पड्यो’ आणि ‘काका’ लिहिले, तर त्याच्यासमोरच्या मजकुराशी तो पूर्ण प्रामाणिक आहे, आणि तरीही निरोप वेगळ्याच घरात पोहोचला आहे.

पहिली चूक तपासणीच्या पद्धतीतच होते. आलेला गुजराती अनुवाद पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा, तो मूळ इंग्रजी प्रतीशी ताडून पाहायचा आणि जुळला की काम संपले असे मानायचे, ही पद्धत सर्रास वापरली जाते. वरच्या उदाहरणात ती काहीच पकडणार नाही. ‘मासी’ची परत ‘आंट’ होईल, ‘काका’ परत ‘अंकल’ होतील, ‘तुं’चे परत ‘यू’ होईल आणि दोन्ही इंग्रजी प्रती तंतोतंत जुळतील. हरवलेली गोष्ट ज्या भाषेत दिसतच नाही, त्या भाषेत ती शोधून उपयोग नाही. तपासणी मूळ मराठीशीच व्हायला हवी, आणि उलटा अनुवाद करायचाच असेल तर तो गुजरातीतून सरळ मराठीत, दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्यावा.

दुसरी चूक अधिक धोक्याची आहे. पहिल्या टप्प्यातली चूक दुसऱ्या टप्प्यात नुसती टिकत नाही, ती अधिक सफाईदार होते. औषधाच्या सूचनेत “गोळी दिवसाआड घ्यावी” असे लिहिले आहे असे समजा. घाईत कोणी त्याचे इंग्रजी ‘आफ्टर अ डे’ असे केले, तर ते इंग्रजी थोडे अवघडलेले वाटते, आणि जाणत्याला त्यात शंका घेण्यासारखे काहीतरी दिसू शकते. गुजराती अनुवादक मात्र त्याचे ‘एक दिवस पछी’ असे सरळ, निर्दोष गुजराती करतो, आणि सूचनेचा अर्थ ‘एक दिवस गेल्यावर गोळी घ्या’ असा होतो. एक दिवस सोडून एक दिवस, हा मूळ नियम त्यात उरलेला नाही. गुजरातीत नेमक्या याच अर्थाचा ‘एकांतरे’ हा शब्द आहे, पण तो सुचण्याची खूणच इंग्रजीत नव्हती. भाषा ओघवती असल्यामुळे केवळ गुजराती प्रत वाचणारा मुद्रितशोधक येथे थांबणार नाही. म्हणून मात्रा, वेळ, मुदत आणि नकार असलेली वाक्ये वेगळी काढून मूळ मराठीशी एकेक करून ताडावीत.

चुका साचतात कशा, याचा हिशेब अनेकदा अपुरा मांडला जातो. प्रत्येक टप्प्यावर शंभरातली 90 वाक्ये बरोबर येतात आणि दोन्ही टप्प्यांतल्या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असे गृहीत धरले, तर शेवटी 81 वाक्ये बरोबर उरतील. प्रत्यक्षात अवघड वाक्य दोन्हीकडे अवघड जाते, त्यामुळे काही चुका एकाच वाक्यावर पडतात आणि आकडा थोडा सुधारू शकतो. पण ‘आत्या’ची ‘आंट’ होणे हे पहिल्या टप्प्यात चूक म्हणून मोजले जात नाही आणि ‘आंट’ची ‘मासी’ होणे दुसऱ्या टप्प्यातही चूक ठरत नाही. दोन्ही टप्प्यांना पैकीच्या पैकी गुण मिळूनही शेवटचे वाक्य चुकलेले असू शकते, आणि मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते.

इंग्रजी काही ठिकाणी नसलेला निर्णयही घ्यायला लावते. ‘परवाची बैठक’ झालेली की व्हायची, हे मराठीत संदर्भावर सोडता येते, आणि गुजरातीतला ‘परमदिवसे’ हा शब्दही दोन्ही बाजूंना चालतो. इंग्रजीत मात्र एक बाजू निवडावीच लागते. अशा शब्दाशेजारी तारीख लिहावी.

यंत्रणा वापरत असाल तर एक छोटी परीक्षा घ्यावी. एकाच फरकाची दोन वाक्ये द्यावीत, जसे ‘आम्ही उद्या जाऊ’ आणि ‘आपण उद्या जाऊ’, किंवा ‘मी पडलो’ आणि ‘मी पडले’. दोन्हींचे गुजराती एकच आले, तर तो फरक वाटेत गळला आहे. यावरून यंत्रणा इंग्रजीमार्गेच जाते असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण थेट जोडीवर शिकवलेल्या यंत्रणेचा मजकूरही इंग्रजीवरून जुळवलेला असू शकतो. 2021 साली आलेल्या ‘समानंतर’ या जोडमजकुराच्या संग्रहात 11 भारतीय भाषांच्या 55 जोड्यांसाठीची वाक्ये इंग्रजीला दुवा मानूनच काढलेली आहेत. फरक गळतो आहे एवढे कळले, तरी त्या जागा हाताने तपासायच्या हे ठरते.

इंग्रजी टप्पा टाळता येत नसेल, तर इंग्रजी प्रत सुंदर करण्यापेक्षा बोलकी करावी. कोणाला आदराने बोलले आहे, ‘वी’मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, नाते वडिलांकडचे की आईकडचे आणि बोलणारी व्यक्ती कोण, हे प्रत्येक वाक्यासोबत टिपेत द्यावे. अनुवादाच्या `.po` फायलीत त्यासाठी जागा असते:

```
#. Aunt = father's sister, respectful "you"
#. we = not including her
msgctxt "family-letter"
msgid "Aunt, you did not come, so we ate."
msgstr ""
```

`#.` ने सुरू होणारी ओळ अनुवादकाला दिसते, पण वाचकापर्यंत जात नाही. `msgctxt` मुळे तेच इंग्रजी वाक्य दोन संदर्भांत दोन वेगळ्या अनुवादांसह ठेवता येते. मात्र टिपा लिहिणाऱ्याला जे सुचले तेवढेच त्यांतून पुढे जाते. म्हणून इंग्रजी प्रतीसोबत मूळ मराठीही पाठवावी. गुजराती अनुवादकाला मराठी बोलता येत नसले, तरी देवनागरी वाचता आल्यास ‘मामा’ हा शब्द त्याला तसाच ओळखता येईल. शेवटची प्रत वडोदरा, सुरत किंवा मुंबईतल्या, दोन्ही भाषा घरात आणि बाजारात वापरणाऱ्या माणसाला मूळ मराठीसह वाचायला द्यावी.

दरपत्रके, पत्ते, यंत्राच्या भागांची नावे आणि आकड्यांचे तक्ते इंग्रजीमार्गे नेले तर फारसे बिघडत नाही. माणसे एकमेकांशी बोलतात किंवा कोणाला काही करायला सांगितले जाते, तिथे मात्र थेट अनुवादावर खर्च करावा.